काढे, कल्प आणि गर्भपाल रस

“सध्या कुठली औषधं चालू आहेत?” हा प्रश्न मी रोज तीस-चाळीस गरोदर बायकांना विचारते. उत्तर ठरलेलं असतं: लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, फॉलिक. पूर्वी मी तेवढं केसपेपरवर लिहून पुढं सरकायची. एका पेशंटनंतर प्रश्न बदलला. आता मी विचारते, “घरचं काय काय चालू आहे?” आणि मग पिशव्या उघडतात.

ती पेशंट सव्वीस वर्षांची. पहिल्या खेपेला नवव्या आठवड्यात गर्भ पडलेला, म्हणून या वेळी सगळं घर धास्तावलेलं. पाचवा महिना चालू होता. हिमोग्लोबिन ८.९ होतं, म्हणून लोहाची मात्रा वाढवली. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तर ८.७. गोळ्या नियमित घेत होती, नवरा रोज मोजून देत होता. जंतांचं औषध झालं होतं, थॅलेसेमियाची तपासणी ठीक होती. पोट दुखतं, संडासला साफ होत नाही, अंगात त्राण नाही, असं ती म्हणायची. पण लोहाच्या गोळ्या घेणारी कुठलीही गरोदर बाई हेच म्हणते. रक्ताच्या काचेवर पॅथॉलॉजिस्टला वेगळं काही दिसलं नाही.

शेवटी सासूबाईंना म्हटलं, घरात हिला जे जे देता ते सगळं पिशवीत घालून घेऊन या. त्या थोड्या दुखावल्या. “डॉक्टर, ते काही औषध नव्हे. ताकदीचं आहे.” पण दुसऱ्या दिवशी पिशवी आणली. शतावरी कल्पाचा डबा, महिन्यागणिक बदलायच्या काढ्याची भरड, एका आसवाची बाटली, आणि खाली, चुरगळलेल्या कागदी पाकिटात, गर्भपाल रसाच्या छोट्या गोळ्या. गर्भ टिकावा म्हणून सहाव्या आठवड्यापासून सकाळ-संध्याकाळ एकेक. मेडिकलमधून आणलेल्या, चिठ्ठीशिवाय. पूर्वी नणंदेला कुणीतरी दिल्या होत्या आणि तिचं सगळं सुखरूप झालं होतं, एवढीच त्यामागची शिफारस.

रक्तातलं शिसं तपासायला मुंबईच्या लॅबला नमुना पाठवला. दर डेसिलिटरला ४१ मायक्रोग्रॅम आलं. गरोदर बाईच्या रक्तात ५ च्या वर शिसं दिसलं की ते कुठून येतंय हे शोधून ती वाट बंद करायची, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन सांगतं.

गर्भपाल रसाचा पाठ ज्यांनी वाचला आहे त्यांना हा आकडा कोड्यात टाकणार नाही. त्यात हिंगूळ असतो, म्हणजे पारा आणि गंधकाचं संयुग. नागभस्म असतं, आणि आयुर्वेदात नाग म्हणजे शिसं. वंगभस्म म्हणजे कथील, शिवाय लोहभस्म. बाकी दालचिनी, तमालपत्र, वेलची, सुंठ, मिरी, पिंपळी, धणे, जिरे, द्राक्षं, देवदार असा सगळा स्वयंपाकघराच्या ओळखीचा ऐवज. पाकिटावरची यादी वाचताना घरच्यांची नजर वेलची-दालचिनीवर जाते. नागभस्म हा शब्द त्यांना परका नसतो, पण त्याचा अर्थ शिसं हे कुणी सांगितलेलं नसतं.

ही गोष्ट आपल्याकडेच घडते असं नाही. २०१२ साली अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने न्यूयॉर्क शहरातल्या सहा गरोदर बायकांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या रक्तात १६ ते ६४ मायक्रोग्रॅम शिसं होतं, आणि सहाही जणी भारतात बनवलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. ती औषधं तपासली तेव्हा सर्वांत जास्त शिसं असलेल्या औषधात ते २.४ टक्के निघालं. त्या यादीत गर्भपाल रस होता. या बायका सापडल्या त्याचं कारण असं की न्यूयॉर्क राज्यात गरोदर बाईला शिशाची जोखीम आहे का, हे डॉक्टरांनी विचारायचंच असतं. त्रास होतो म्हणून त्या आल्या नव्हत्या. आपल्याकडे हा प्रश्न विचारण्याची रीत नाही, म्हणून अशा किती बायका आहेत हे आपण मोजतच नाही.

२.४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून एकदा हिशेब मांडू. १२५ मिलीग्रॅमची एक गोळी, तिचे २.४ टक्के म्हणजे ३ मिलीग्रॅम. दिवसाला दोन गोळ्या, म्हणजे ६ मिलीग्रॅम, म्हणजेच ६,००० मायक्रोग्रॅम शिसं. मूल होण्याच्या वयातल्या बाईच्या पोटात अन्नावाटे दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं जाऊ नये, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन धरतं. आपल्या आयुर्वेदिक फार्माकोपियात वनौषधींमधल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग अशी आहे. २.४ टक्के म्हणजे दहा लाखांत २४,०००.

इथे माझे वैद्य मित्र एक मुद्दा काढतात, आणि तो ऐकून घ्यायला हवा. भस्म म्हणजे कच्चा धातू नव्हे, शोधन आणि मारण होऊन त्याचं रूप पालटतं, असं ते म्हणतात. रूप पालटतं हे खरंच आहे. शिशाचं सल्फाइड किंवा ऑक्साइड होतं, त्यातले काही प्रकार पाण्यात सहज विरघळत नाहीत आणि आतड्यातून कमी शोषले जातात. पण शिसं हे मूलद्रव्य आहे. कितीही पुटं दिली तरी ते जळून नाहीसं होत नाही. मग प्रश्न एवढाच उरतो की त्यातलं किती रक्तात पोहोचतं, आणि त्याला उत्तर द्यायला ग्रंथ लागत नाही, रक्ताची तपासणी पुरते. माझ्या पेशंटच्या रक्ताने ते उत्तर दिलं. शिवाय मेडिकलमधल्या पाकिटातलं भस्म किती पुटांचं, कुणी आणि कसं केलेलं, हे ना मला ठाऊक असतं ना त्या वैद्य मित्रांना.

गरोदरपणात शिशाचा धोका दुहेरी असतो. वार ते अडवत नाही, आईच्या रक्तातलं शिसं जवळजवळ त्याच प्रमाणात बाळाच्या रक्तात उतरतं. आणि शरीर शिशाला कॅल्शियमसारखं वागवतं, हाडांत साठवतं. बाळाची हाडं घडायला आईच्या हाडांतून कॅल्शियम निघायला लागलं की जुनं साठलेलं शिसंही बाहेर पडतं. आहारात कॅल्शियम आणि लोह कमी असेल तर आतडं शिसं अधिक ओढून घेतं. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला ही गोळी म्हणूनच जास्त बाधते, आणि नेमकी तिलाच ती ताकदीसाठी दिली जाते.

शिशाबद्दल निदान एवढं तरी ठाऊक आहे. पिशवीतल्या बाकीच्या वस्तूंबद्दल काय? इथं मला सावधपणे लिहायला हवं. “हे वाईट आहे” असं म्हणायला जितका पुरावा लागतो तितकाच “हे चांगलं आहे” म्हणायलाही लागतो, आणि बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंना तो नाही.

शतावरी घ्या. महाराष्ट्रात शतावरी कल्प माहीत नाही असं घर सापडणं कठीण. २००६ मध्ये भारतात झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या माद्यांना शतावरीच्या मुळाचा मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क दिला, दर किलो वजनाला १०० मिलीग्रॅम, ६० दिवस. गर्भ विरघळून जाण्याचं प्रमाण वाढलं, काही पिल्लांच्या पायांना सूज दिसली, वाढ खुंटली. हे वाचून घाबरायचं का? मिथेनॉलचा अर्क म्हणजे दुधात ढवळलेला कल्प नव्हे, आणि उंदीर म्हणजे बाई नव्हे. पाण्यातल्या अर्काच्या प्रयोगांत असं दिसलं नाही असंही काही संशोधक सांगतात. पण मग “शतावरी पूर्ण सुरक्षित आहे” हे कशावरून म्हणायचं? गरोदर बायकांमध्ये पुरेशा संख्येने केलेला आणि बाळांची पुढची वाढ पाहणारा अभ्यास माझ्या हातात नाही, आणि तो असल्याशिवाय मी ते वाक्य कुणाला लिहून देत नाही.

कल्पाच्या डब्यात एक गोष्ट मात्र अगदी पक्की ठाऊक असते, ती म्हणजे साखर. डबा उलटा करून घटकांची यादी बघा. दाण्यांचा बहुतांश भाग तोच असतो. दोन-दोन चमचे दोन वेळा, वर दुधातली साखर, म्हणजे दिवसाला वीसेक ग्रॅम साखर जादा. आपल्याकडे गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजतात, आणि १४० किंवा त्याहून वर गेली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. तो निघाल्यावर भात-चपातीचं गणित बसवणाऱ्या कितीतरी बायका कल्प चालूच ठेवतात, कारण तो त्यांच्या हिशेबी आहारात बसत नाही आणि औषधातही बसत नाही.

आसव-अरिष्टांचंही असंच. ती आंबवून होतात, त्यामुळे त्यांत आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो, साधारण पाच ते बारा टक्के. दहा टक्के धरले तर ३० मिलीलिटरच्या एका मात्रेत अडीच ग्रॅमच्या आसपास मद्यार्क जातो. दोन वेळा घेतलं तर पाच ग्रॅम, रोज. गरोदरपणात मद्याची कुठलीही मात्रा निर्धोक ठरलेली नाही. दारूच्या वासाने तोंड फिरवणारी बाई हे महिनोनमहिने घेते, आणि तिला हे कुणी सांगितलेलं नसतं.

मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते ज्येष्ठमध, म्हणून त्यावर थोडी जास्त थांबते. आपल्याकडच्या मासानुमासिक काढ्यांत पहिल्याच महिन्याच्या पाठात ज्येष्ठमध आहे. खोकल्याच्या चाटणात आहे, विड्यात आहे, पोटातल्या जळजळीवर तर घरोघरी आहे. त्याचा गोडवा ज्या द्रव्यामुळे येतो ते ग्लिसरायझिन. आईच्या रक्तातलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक बाळापर्यंत फारसं पोहोचू नये म्हणून वारेत एक विकर पहारा देत असतं, ते कॉर्टिसोल निकामी करून टाकतं. ग्लिसरायझिन त्या विकराला बांधून ठेवतं. पहारा ढिला पडतो.

हे ठाऊक झालं ते आयुर्वेदामुळे नाही, फिनलंडच्या गोळ्या-चॉकलेटांमुळे. तिथं ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या लोक आवडीने खातात. १९९८ साली हेलसिंकीत बाळंत झालेल्या बायकांना संशोधकांनी विचारलं, गरोदरपणी आठवड्याला किती खाल्ल्या? मग त्या मुलांचा माग ठेवला. मुलं बारा वर्षांची झाल्यावर त्यांना तपासलं, आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या आयांनी आठवड्याला ५०० मिलीग्रॅम किंवा जास्त ग्लिसरायझिन खाल्लं होतं त्यांचा बुद्ध्यंक सरासरी सात गुणांनी कमी होता, आणि चंचलपणाची, लक्ष न लागण्याची लक्षणं जास्त होती. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. त्या आयांमध्ये आणखी काही फरक असू शकेल, त्यामुळे ज्येष्ठमधानेच हे झालं असं शपथेवर सांगता येत नाही. पण शरीरातली वाट ठाऊक आहे आणि परिणाम त्याच दिशेने आहे, तेव्हा फिनलंडने गरोदर बायकांना ज्येष्ठमध टाळायला सांगितलं.

आता आपल्याकडचा हिशेब. मुळातलं ग्लिसरायझिनचं प्रमाण प्रतीनुसार बरंच बदलतं, चार टक्के धरू. रोज तीन ग्रॅम ज्येष्ठमधाची पूड घेतली तर १२० मिलीग्रॅम, आठवड्याला ८४०. म्हणजे हेलसिंकीच्या रेषेच्या बरंच वर. काढ्याच्या भरडीत इतर वनस्पतींबरोबर ते थोडं असेल तर रेषेच्या खालीही राहील. चहात घातलेल्या एका काडीने काही बिघडत नाही. स्वयंपाकातला मसाला आणि चमच्याने रोज घेतलेलं चूर्ण ही एकाच वनस्पतीची दोन अगदी वेगळी रूपं असतात, आणि डॉक्टरांना “ज्येष्ठमध घेते” एवढंच सांगून भागत नाही ते यामुळेच. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं हेही लक्षात ठेवायला हवं. सातव्या महिन्यात रक्तदाब १४०/९० झालेल्या बाईच्या पिशवीत ते सापडलं तर मी पहिल्यांदा ते थांबवते. पण त्यामुळेच दाब चढला असं गृहीत धरून तिच्या लघवीतली प्रथिनं तपासायचं सोडत नाही.

याउलट आल्याची गोष्ट. उलट्या-मळमळीवर आलं उपयोगी पडतं का, हे बऱ्याच चाचण्यांत गरोदर बायकांवरच तपासलं गेलं. दिवसाला साधारण एक ग्रॅम सुंठेएवढ्या मात्रेत मळमळ कमी होते आणि बाळांत दोष वाढलेले दिसले नाहीत. म्हणून मी आलं निर्धास्तपणे सांगते. वनस्पतीचं औषध म्हणून माझी अढी नाही. तपासलं गेलं असेल तर मी ते लिहून देते.

“पण आमच्या आजीने घेतलं, पणजीने घेतलं, कुणाला काही झालं नाही.” हे वाक्य मी आदराने ऐकते, कारण बोलणारी खोटं बोलत नसते. तरी ते पुरावा का ठरत नाही, हे मी पेशंटला असं समजावते. कुठलंही औषध न घेता शंभरांतल्या तीनेक बाळांत जन्मजात दोष असतो, आणि दहा ते वीस टक्के गर्भ सुरुवातीच्या महिन्यांत पडतात. समजा एका काढ्याने दोषाचं प्रमाण तिनावरून चारावर नेलं. एखाद्या अनुभवी वैद्याने आयुष्यभरात हजार बायकांना तो दिला, तर तिसाच्या जागी चाळीस बाळांत दोष निघेल, तीस-चाळीस वर्षांत विखुरलेला. नशीब म्हणून लोक सोडून देतील. त्या वैद्याच्या नजरेला, स्मरणाला, प्रामाणिकपणाला यात काहीही कमी पडलेलं नसेल, आणि तरीही ते त्याला दिसणार नाही. तीनशे बायकांमध्ये एकीलाही काही झालं नाही, तर दुष्परिणाम शंभरात एकीहून कमी जणींना होत असावा एवढंच त्यावरून म्हणता येतं, तो नाहीच असं नाही.

थॅलिडोमाइडने हे जगाला फार महागात शिकवलं. १९५७ ला जर्मनीत बाजारात आलेली ही गोळी गरोदरपणातल्या मळमळीवर घेतली जायची. ती पकडली गेली कारण हात-पाय खुंटलेली बाळं एरवी जवळजवळ दिसत नाहीत, एका शहरात काही जन्मली की कुणालाही खटकावं. १९६१ मध्ये ती मागे घेईपर्यंत सुमारे दहा हजार बाळं बाधित झाली होती. तिच्यामुळे हातांऐवजी नेहमी दिसणारा हृदयाचा दोष थोडासा वाढला असता, तर ती कितीतरी वर्षं विकली गेली असती. आणि बुद्ध्यंकाचे सात गुण कमी झाले असते तर कदाचित कधीच पकडली गेली नसती.

मग हे तपासायची सक्ती कायद्यात नाही का? आपला औषधांचा कायदा १९४० चा. त्यात आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांची यादी आहे. त्या ग्रंथांत पाठ असेल, आणि औषध त्याच पाठाने बनवलेलं असेल, तर २०१० च्या नियमांप्रमाणे परवाना घेताना सुरक्षिततेचा वेगळा अभ्यास मागितला जात नाही. पाठ ग्रंथात असणं हाच आधार. हिंगुळासारखी विषारी द्रव्यं ज्या परिशिष्टात दिली आहेत, ती असलेल्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायची सूचना छापावी लागते, पण ती इंग्रजी आणि हिंदीत. औषध विकायला मात्र चिठ्ठी मागावी लागत नाही. २००६ पासून केवळ वनस्पतींपासून बनलेली औषधं निर्यात करायची तर जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. परदेशी जाणाऱ्या बाटलीला जी खात्री लावली, ती माझ्या ओपीडीतल्या बाईच्या बाटलीलाही तितकीच लावायला हवी होती. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

पिशवीतली एक वस्तू बायका कधीच पिशवीत घालून आणत नाहीत, ती म्हणजे मुलगा व्हावा म्हणून दिलेली पुडी. हरियाणात सार्वजनिक आरोग्याच्या संशोधकांनी यावर बारकाईने काम केलं आहे. तिथं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ही औषधं घेतात, शिवलिंगीच्या बिया, माजूफळ असं काहीबाही, आणि ती घेतलेल्या बायकांच्या बाळांत जन्मजात दोषांची जोखीम सुमारे तिप्पट आढळली. आपल्याकडेही ती पुडी फिरते. बाळाचं लिंग गर्भ राहतानाच ठरलेलं असतं, त्यामुळे ती पुडी काहीच घडवत नाही. पण ती घ्यायची वेळ असते तोच बाळाचे अवयव घडण्याचा काळ, शेवटच्या पाळीपासून मोजलं तर पाचव्या ते दहाव्या आठवड्याच्या आसपासचा. अशी पुडी घेतली असेल तर, ताई, मला सांगा. एकटीला सांगा, सासूबाई बाहेर गेल्यावर सांगा, नवऱ्याला कळू द्यायचं नसेल तर तसं म्हणा. मी पोलिसांना बोलावत नाही आणि रागावत नाही. मला अठराव्या-विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत नेमकं काय नीट बघायचं ते कळतं, एवढंच.

आता सांगायचं काय आणि कसं, ते. सगळ्यात चांगलं म्हणजे पिशवीच घेऊन या. आणता येत नसेल तर डब्याच्या चारी बाजूंचे फोटो काढा, घटकांची यादी, परवान्याचा आणि बॅचचा क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव दिसेल असे. “कसलीतरी तपकिरी गोळी” यावरून मला काहीच ठरवता येत नाही. नावाच्या शेवटी रस, भस्म किंवा सिंदूर असेल तर वैद्यांना स्पष्ट विचारा, यात पारा, शिसं, सोमल आहे का? चांगला वैद्य या प्रश्नाने चिडत नाही. आवळ्याचा किंवा कोरफडीचा रस हा वेगळा रस झाला, पण कोरफडीचाही सांगाच, कारण तिच्या सालीलगतच्या पिवळ्या चिकाने आतड्याला जोर येतो.

मग तारखा. कितव्या आठवड्यापासून घेतलं, किती, दिवसातून किती वेळा, कशात मिसळून, आणि शेवटचं कधी. सहाव्या आठवड्यात आठ दिवस घेतलेलं चूर्ण आणि तिसाव्या आठवड्यात आठ दिवस घेतलेलं तेच चूर्ण यांचा अर्थ माझ्या दृष्टीने वेगळा आहे. कशासाठी घेतलं तेही सांगा. संडास साफ होत नाही म्हणून घेतलं असेल तर तो त्रास मलाही ऐकायचा असतो, त्यावर निर्धोक उपाय आहेत. कळा याव्यात म्हणून शेवटच्या आठवड्यांत एरंडेल देण्याची रीत अजून आहे. एरंडेलातलं आम्ल गर्भाशय आवळणाऱ्या यंत्रणेलाच चाळवतं, त्यामुळे ते काम करत नाही असं नाही, पण आधीचं सिझर झालेल्या बाईच्या टाक्यांवर तो ताण मला न कळता पडायला नको. आणि लोहाची गोळी काढ्याबरोबर घेत असाल तर ते सांगा. काढ्यातला तुरट अंश लोहाला बांधून टाकतो. दोन तासांचं अंतर ठेवलं तरी कधीकधी हिमोग्लोबिन वर येतं.

काही घेऊन झालं असेल आणि आता भीती वाटत असेल तर ते थांबवा, पण टाकून देऊ नका. उरलेलं नीट गुंडाळून घेऊन या, तपासायला तेच लागतं. आणि घाबरून लिहून दिलेल्या गोळ्या बंद करू नका. थायरॉइडची गोळी काढ्याबरोबर बंद करून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, तो काढ्यापेक्षा मोठा घोटाळा.

माझ्या त्या पेशंटचं पुढे असं झालं. गर्भपाल रस त्याच दिवशी बंद. शिसं शरीरातून ओढून काढणारी औषधं साधारण ४५ च्या वर गेल्यावर, तीही तज्ज्ञांच्या सल्ल्याने विचारात घेतात. ती ४१ वर होती आणि दुसरी गंभीर लक्षणं नव्हती, म्हणून ती दिली नाहीत. कॅल्शियम आणि लोह नेटाने चालू ठेवलं. दोघांना वेगवेगळ्या वेळा दिल्या, कारण एकत्र घेतली की ती एकमेकांच्या आड येतात. चार आठवड्यांनी शिसं २९ वर आलं आणि हिमोग्लोबिन पहिल्यांदा हललं, ९.६. बाळंतपण अडतिसाव्या आठवड्यात झालं. आईचं शिसं तेव्हा १६ होतं, नाळेतल्या रक्तात १३. बाळाचं वजन २ किलो ६०० ग्रॅम. आईची पातळी अंगावर पाजायला आड येणारी नव्हती, तेव्हा पाजायला सांगितलं, आणि बाळाची तपासणी ठरावीक महिन्यांनी करत राहिलो. ते मूल आता बोलायला लागलं आहे. त्या शिशाने त्याचं नेमकं काय घेतलं हे मला सांगता येत नाही आणि कुणालाच येणार नाही, कारण ते न घेतलेलं तेच मूल आपल्याकडे दुसरं नाही.

गेल्या महिन्यात त्याच सासूबाई धाकट्या सुनेला घेऊन आल्या. दुसरा महिना लागला होता. नाव घालायच्या आधीच त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. खजूर, खारीक, सुंठ, शतावरी कल्प, डिंक, आणि कागदाची एक पुडी. एकेक वस्तू उचलून मी “चालेल”, “कमी करा”, “साखर बघून” असं सांगत गेले. पुडीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. “ही कुणाकडची?” मी विचारलं. सुनेनं सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी सुनेकडे. मग सासूबाईच म्हणाल्या, “मी जरा बाहेर बसते,” आणि दार ओढून घेतलं.